सिंघ, कौर आणि आडनावाचा रकाना: शीख कुटुंबाचे अर्ज कसे भरायचे

नांदेडात अर्ज भरून देण्याचं काम करताना एक प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय की आता पुढचं वाक्य आधीच ऐकू येतं. टेबलापलीकडचा माणूस विचारतो, "आडनाव काय?" समोरचे सरदारजी क्षणभर थांबतात. थोरल्याच्या वेळी ते "सिंघ" म्हणालेले असतात, धाकट्याच्या वेळी "गिल". मुलीच्या वेळी त्यांना विचारलेलंच नसतं. वडिलांचं आडनाव सिंघ, म्हणून मुलीपुढेही सिंघ टाकून कारकून मोकळा होतो. दहा-पंधरा वर्षांनी पासपोर्टची वेळ येते, तेव्हा एकाच घरातल्या चौघांची नावं चार तऱ्हांची निघतात.

हा लेख त्या चौघांसाठी आहे, आणि त्यांचे अर्ज भरणाऱ्या शाळेतल्या, बँकेतल्या, सेवा केंद्रातल्या मराठी माणसांसाठीही. गोंधळ बहुतेक वेळा आपल्याच सवयीतून होतो. आपल्याकडे आडनाव म्हणजे घराची पाटी: बाप कुलकर्णी, आई कुलकर्णी, पोरं कुलकर्णी. सिंघ आणि कौर अशी पाटी नव्हे. पुरुषाच्या नावापुढे सिंघ येतं, बाईच्या नावापुढे कौर. बाप सिंघ, आई कौर, मुलगा सिंघ, मुलगी कौर, हे एकाच घरातलं अगदी बरोबर चित्र आहे. उलट शेजारशेजारच्या दोन सिंघांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं नाही. सिंह, सिंग लावणारे सगळे शीख असतात असंही नाही.

घराचं म्हणून जे नाव असतं ते वेगळं: गिल, संधू, ढिल्लों, अरोरा, सेठी, बेदी. पंजाबीत त्याला गोत म्हणतात. काही घरं ते लावतात, काही मुद्दाम लावत नाहीत. न लावणाऱ्यांचं नाव अपुरं नसतं. अर्जाला मात्र ते अपुरं वाटतं, आणि सगळी अडचण तिथे सुरू होते.

## १. आधी सगळे कागद टेबलावर मांडा

एकही रकाना भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाची वेगळी थप्पी करा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, असला तर पासपोर्ट. मग एका कोऱ्या कागदावर प्रत्येक दस्तऐवजावरचं नाव जसंच्या तसं उतरवा. मनात दुरुस्त करून लिहू नका. MANPREETSINGH असं जोडून छापलं असेल तर जोडूनच लिहा, KOUR असेल तर KOUR.

हे पाच मिनिटांचं काम लोक टाळतात, कारण "नाव तर एकच आहे" असं त्यांना वाटतं. उतरवून काढलं की कळतं की एक नाही.

बघायच्या गोष्टी चार. सिंघ पहिल्या नावाला चिकटलेलं आहे की सुटं? गोत कुठे आहे आणि कुठे नाही? मुलीपुढे किंवा बाईपुढे कुठे सिंघ घुसलंय का? आणि इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे तेच आहे का?

त्यासोबत लिंगाचा रकानाही बघा. गुरप्रीत, मनप्रीत, हरजीत, जसप्रीत ही नावं मुलाचीही असतात आणि मुलीचीही. सिंघ-कौर काढून टाकलं की नावावरून काहीच कळत नाही. 'मनप्रीत' एवढंच वाचून कुणीतरी अंदाजाने 'पुरुष' निवडतो. आधारमध्ये लिंगाची दुरुस्ती एकदाच करता येते, म्हणून हा अंदाज महागात पडतो.

> थांबा: जन्मदाखला हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. त्या मुलांच्या बाबतीत दाखल्यावरचं नाव हाच सगळ्या कागदांचा पाया आहे.

तान्ह्या बाळाबद्दल एक सोय लक्षात ठेवा. शीख घरात नाव गुरुद्वाऱ्यात ठरतं. गुरू ग्रंथसाहिबातून हुकूम घेतात, म्हणजे ग्रंथ उघडून समोर आलेला शबद वाचतात, आणि त्या शबदाच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवतात. तोवर रुग्णालयातून विचारणा झालेली असते, आणि घाईत कुणीतरी घरचं लाडाचं नाव सांगून टाकतं. तशी गरज नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करा आणि नाव कोरं ठेवा. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नाव घालाल तेव्हा मात्र सिंघ किंवा कौर त्याच वेळी घाला. नुसतं 'गुरलीन' नोंदवून आलात तर कौर पुढे आपोआप येणार नाही.

## २. नावाचा साचा ठरवा, पण माणसागणिक

साचे मुळात तीनच आहेत.

पहिला, सिंघ किंवा कौर हेच आडनावाच्या रकान्यात: नाव मनप्रीत, आडनाव सिंघ. दुसरा, सिंघ-कौर मध्ये आणि गोत शेवटी: नाव मनप्रीत सिंघ, आडनाव गिल. तिसरा, पूर्ण नाव 'मनप्रीत सिंघ' हेच नावाच्या रकान्यात आणि आडनाव कोरं. भारतीय पासपोर्टच्या अर्जात आडनाव कोरं ठेवता येतं, त्यामुळे तिसरा साचाही नियमाला धरूनच आहे.

लोक विचारतात, यातला बरोबर कोणता? तिन्ही बरोबर आहेत. चूक होते ती एकाच माणसाचे कागद दोन साच्यांत असले की. त्यामुळे आवडीने निवडू नका. ज्या कागदावरचं नाव बदलणं सर्वांत अवघड, त्याचा साचा घ्या. मोठ्या माणसाच्या बाबतीत ती बहुधा दहावीची गुणपत्रिका असते, शाळेत न गेलेल्याच्या बाबतीत आधार, आणि लहान मुलाच्या बाबतीत जन्मदाखला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर परदेशी जाण्याची शक्यता असलेल्या मुलाला तिसरा साचा देऊ नये. का ते पाचव्या टप्प्यात येईल.

आणि साचा माणसागणिक ठरतो, कुटुंबागणिक नाही. वडील पहिल्या साच्यात आणि मुलगा दुसऱ्यात असला तरी बिघडत नाही. नातं आडनावावरून सिद्ध होत नाही. ते आई-वडिलांच्या नावाच्या रकान्यावरून होतं, आणि तो रकाना बिनचूक हवा.

> तपासा: साचा ठरला की प्रत्येकासाठी एक चिठ्ठी करा. त्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत पूर्ण नाव, त्याखाली देवनागरीत पूर्ण नाव, आणि त्याखाली 'आडनावाचा रकाना मागितला तर काय' ही एक ओळ. पुढचे सगळे अर्ज या चिठ्ठीवरूनच भरायचे, आठवणीवरून नाही.

देवनागरीचं एक वेगळं लिहितो, कारण ते आपल्याकडेच होतं. गुरुमुखीत शेवटचं अक्षर 'घ' आहे, म्हणून नांदेडात 'सिंघ' लिहितात. इतरत्र 'सिंह' आणि 'सिंग' दोन्ही चालतात. इंग्रजी Singh टाइप केल्यावर संगणक देवनागरीत स्वतःच्या मनाने यातलं एक निवडतो. आधारच्या पावतीवर मराठी ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

## ३. रकाने: अर्जाचा प्रकार ओळखा

अर्ज कुठल्याही खात्याचा असो, तो नाव किती तुकड्यांत मागतो हे आधी बघायचं.

एकच रकाना. आधार हे याचं उदाहरण. इथे साच्याचा प्रश्न येत नाही, चिठ्ठीवरचं पूर्ण नाव लिहा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून प्रयोग इथे करू नका.

दोन रकाने. पासपोर्टचा अर्ज असा असतो. एका रकान्यात स्वतःचं आणि मधलं नाव एकत्र, दुसऱ्यात आडनाव. तिन्ही साचे इथे बसतात.

तीन रकाने, शेवटचा सक्तीचा. पॅनचा अर्ज. पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव, आणि शेवटचं कोरं ठेवता येत नाही. तिसऱ्या साच्यातला माणूस इथे गोंधळतो. पासपोर्टवर आडनाव नाही, मग पॅनला काय लिहू? लिहायचं असं: पहिलं नाव MANPREET, शेवटचं नाव SINGH. कार्डावर छापून येतं MANPREET SINGH, म्हणजे पासपोर्टवरच्याच शब्दांची तीच ओळ. रकाने वेगळे पडले तरी चालतं, शब्दांची ओळ तीच राहिली पाहिजे. एवढं समजलं की निम्मे प्रश्न सुटतात.

वडिलांचं नाव मात्र पॅनमध्ये विवाहित बाईच्याही अर्जात वडिलांचंच लागतं, नवऱ्याचं नाही. ते वडिलांच्या स्वतःच्या कागदावर जसं आहे तसं घाला. मुलाच्या नावात गिल आहे म्हणून वडिलांच्या नावापुढे गिल जोडू नका.

पॅनवर एक छोटी तपासणी करता येते. वैयक्तिक पॅनमध्ये चौथं अक्षर P असतं आणि पाचवं अक्षर शेवटच्या नावाचं आद्याक्षर. असं:

```
ABCPS1234D   शेवटचं नाव SINGH
ABCPK1234D   शेवटचं नाव KAUR
ABCPG1234D   शेवटचं नाव GILL
```

मुलीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर S दिसलं आणि तिचं गोत S पासून सुरू होत नसेल, तर अर्ज भरणाऱ्याने शेवटचं नाव सिंघ टाकलं होतं असं समजा. छापलेलं नाव लगेच बघा. नाव दुरुस्त केल्यावर पॅन क्रमांक तोच राहतो, पाचवं अक्षरही बदलत नाही. तो दोष नाही, त्यासाठी नवा पॅन मागू नका. दोन पॅन बाळगणं हा मात्र नियमभंग आहे.

मराठी पद्धतीचे तीन रकाने. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव. शाळेचं जनरल रजिस्टर आणि बोर्डाचा अर्ज. महाराष्ट्रातल्या शीख मुलांचं नाव सर्वांत जास्त इथेच बिघडतं. 'मनप्रीत सिंघ, वडील बलविंदर सिंघ' या नावाचं इथे SINGH MANPREETSINGH BALWINDERSINGH होतं. एका नावात तीनदा सिंघ, आणि मुलगा कागदावर 'मनप्रीतसिंघ सिंघ'! पहिल्या साच्यात आडनाव SINGH लिहिलंत तर स्वतःच्या नावात नुसतं MANPREET लिहा. दुसऱ्या साच्यात आडनाव GILL आणि स्वतःचं नाव MANPREET SINGH.

सिंघ जोडून लिहायचं की सुटं? जोडून लिहिणं चूक नाही, आपल्याकडे ती रीतच आहे. पण एकदा गुणपत्रिकेवर जोडून आलं की मग आधार, पॅन, पासपोर्ट सगळीकडे जोडूनच. संगणकाच्या दृष्टीने MANPREETSINGH आणि MANPREET SINGH ही दोन वेगळी नावं आहेत.

चार रकाने. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शीख मुलीसाठी इथे नवा खड्डा तयार होतो. कारकून लिहितो 'गुरलीन हरजीत बलविंदर सिंघ', आणि आई-मुलगी दोघींचं कौर एका फटक्यात गायब होतं. गोत लावणाऱ्या घराने 'गुरलीन कौर', 'हरजीत कौर', 'बलविंदर सिंघ', 'गिल' असे चार रकाने सांगावेत. गोत नसेल तर मुलीचं आडनाव कौर. वडिलांचं आडनाव आपोआप खाली उतरत असेल तर ते खोडून घ्यायचं आणि छापण्याआधीचा मसुदा मागून बघायचा.

> थांबा: 'कौर' हे 'कुमारी'सारखं बिरुद समजून वगळणारे लोक मी पाहिलेत. ते नावाचा भाग आहे. लग्नाआधी असतं, लग्नानंतरही तेच राहतं.

## ४. लग्नानंतरच्या बाईचा अर्ज

हा टप्पा लहान आहे, पण बँकांमध्ये यावरच सर्वांत जास्त वाद होतो.

हरजीत कौरचं लग्न बलविंदर सिंघशी झालं. आता तिचं आडनाव काय? कौरच. ती 'हरजीत सिंघ' होत नाही, आणि 'हरजीत कौर सिंघ' तर अजिबात नाही. गोत लावणाऱ्या घरात बदल झालाच तर गोतात होतो: हरजीत कौर संधूची हरजीत कौर गिल. तोही ऐच्छिक आहे. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही.

'लग्नापूर्वीचं नाव' विचारलं आणि नाव बदललेलंच नसेल तर 'लागू नाही' लिहा. तिथे पुन्हा कौर लिहून 'नाव बदललं आहे का' या प्रश्नाला 'होय' केलंत की समोरचा बदलाचा पुरावा मागतो, आणि पुरावा तर नसतोच, कारण काही बदललेलंच नसतं.

बँका फोनवर ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारतात. त्यात कौर लिहिलं तर निम्मा पंजाब तो प्रश्न सोडवू शकेल! आईच्या माहेरचं गोत सांगावं, आणि काय सांगितलं ते चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावं.

## ५. पासपोर्ट आणि परदेशी अर्ज

पासपोर्टच्या माहितीपानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव, मग दोन `<<` खुणा, मग स्वतःचं नाव. तीन साचे तिथे असे दिसतात:

```
P<INDSINGH<<MANPREET<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
P<INDGILL<<MANPREET<SINGH<<<<<<<<<<<<<<<<<<<
P<INDMANPREET<SINGH<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

तिसरी ओळ नीट बघा. आडनाव कोरं असल्याने मधला `<<` चा तुटवच नाही. परदेशातल्या यंत्राला 'मनप्रीत सिंघ' हे सगळं मिळून आडनाव वाटतं आणि स्वतःचं नाव काहीच नाही. म्हणून अशा पासपोर्टधारकाला कॅनडाच्या व्हिसा अर्जात पूर्ण नाव Family name या रकान्यात लिहून Given name कोरं ठेवायला सांगतात. अमेरिकेच्या व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि स्वतःच्या नावाच्या जागी `FNU` येतं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. मग तिथल्या विद्यापीठाच्या पटावर, बँकेत, वाहन परवान्यावर मुलाचं नाव 'फनू' होऊन बसतं. तिसरा साचा टाळा म्हणालो तो यासाठी.

व्हिसा अर्जाचा नियम एकच: पासपोर्टवर ज्या रकान्यात जे आहे, ते त्याच रकान्यात. गोत पासपोर्टवर नसेल तर व्हिसाच्या अर्जात आडनाव म्हणून घालू नका. 'इतर नावं वापरली आहेत का' असा प्रश्न असतो, जुन्या कागदांवरची वेगळी नावं तिथे सांगा. लपवलेलं नाव नंतर सापडण्यापेक्षा सांगितलेलं बरं. विमानाचं तिकीटही पासपोर्टप्रमाणेच. आडनाव कोरं असेल तर काय टाइप करायचं हे प्रत्येक विमान कंपनीचं वेगळं असतं. तिकीट काढण्याआधी त्यांनाच विचारा.

अजूनही कुणी एजंट सांगतो, "कॅनडाला सिंघ-कौर आडनाव चालत नाही, गोत लावून घ्या." या सांगण्याला मूळ आहे. नवी दिल्लीतल्या कॅनडाच्या उच्चायुक्तालयातून काही वर्षं अर्जदारांना तशी पत्रं जात होती. २००७ साली त्यावर गदारोळ झाला आणि कॅनडा सरकारने ती अट नसल्याचं जाहीर केलं. आज त्या भीतीपोटी पासपोर्टवर नाव बदलायचं काही कारण नाही.

> तपासा: एकाच नावाचे लोक पुष्कळ असतात, वडिलांचं नावही जुळणारे सापडतात. पोलीस पडताळणी किंवा कर्जाचा अहवाल दुसऱ्याच मनप्रीत सिंघचा आलाय असं वाटलं तर जन्मतारीख, आईचं नाव आणि जुना पत्ता या तीन गोष्टी जुळवून बघा आणि लेखी कळवा.

## ६. एक घर, सुरुवातीपासून

आता हे सगळं एका घराला लावून बघू. नावं मी बनवली आहेत, चुका खऱ्या कागदांवर पाहिलेल्या आहेत.

वडील बलविंदर सिंघ. सगळ्या कागदांवर हेच, सुटं, गोत कुठेच नाही. त्यांना हात लावायची गरज नाही.

आई हरजीत कौर. आधार आणि पॅनवर बरोबर, पण बँकेच्या खात्यावर HARJIT KAUR SINGH. खातं उघडताना कुणीतरी नवऱ्याचं आडनाव म्हणून जोडलेलं. इलाज सोपा आहे: आधार आणि पॅनची प्रत देऊन बँकेत नावदुरुस्तीचा अर्ज. सरकारी राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यावी लागत नाही, कारण नाव बदललेलं नाही, बँकेची नोंद चुकलेली आहे. अर्जातही 'बदल' न लिहिता 'दुरुस्ती' लिहायचं. त्या एका शब्दाने मागितल्या जाणाऱ्या पुराव्यात फरक पडतो.

मुलगा अठरा वर्षांचा, कॅनडाला शिकायला जायचंय. दहावीची गुणपत्रिका GILL MANPREETSINGH BALWINDERSINGH. आधार Manpreet Singh. पॅन आणि पासपोर्ट अजून नाहीत. घरच्यांना वाटत होतं की आधारप्रमाणे पासपोर्ट काढावा आणि गुणपत्रिकेचं पुढे बघावं. हा उलटा क्रम आहे. परदेशी विद्यापीठ गुणपत्रिकाच आधी बघणार, आणि ती बदलणं सर्वांत कठीण. म्हणून साचा गुणपत्रिकेचा, म्हणजे दुसरा, सिंघ जोडून. आधी आधारमध्ये Manpreetsingh Gill ही दुरुस्ती, दोनपैकी एक संधी वापरून. मग पॅन: पहिलं नाव MANPREETSINGH, शेवटचं GILL. सर्वांत शेवटी पासपोर्ट: स्वतःचं नाव MANPREETSINGH, आडनाव GILL. वडिलांच्या रकान्यात BALWINDER SINGH, त्यांच्या स्वतःच्या आधारप्रमाणे. गुणपत्रिकेवर ते जोडून आहे म्हणून इथे जोडायचं नाही. पूर्वी वापरलेल्या नावाच्या प्रश्नाला Manpreet Singh हे नाव सांगायचं. खालची ओळ अशी येईल:

```
P<INDGILL<<MANPREETSINGH<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

मुलगी सातवीत. जन्मदाखला आणि आधार Gurleen Kaur, शाळेच्या रजिस्टरात SINGH GURLEEN BALWINDER. या घरातलं सर्वांत तातडीचं काम हे आहे, मुलाचा कॅनडा नव्हे. मुलगी शाळेत आहे तोवर जन्मदाखल्याची प्रत जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज करता येतो: आडनाव कौर, स्वतःचं नाव गुरलीन, वडिलांचं नाव बलविंदर सिंघ. दुरुस्तीनंतर बोनाफाईड मागून घ्यायचं आणि त्यावरचं नाव वाचायचं. दहावीला बोर्डाचा अर्ज भरल्यावर शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणीची यादी, सहीला येते, ती मुलीने स्वतः वाचली पाहिजे. गुणपत्रिका छापून झाल्यावर हेच काम बोर्डाच्या कार्यालयात खेटे घालायला लावतं.

घरच्यांनी इथे विचारलं, "भावाचं गिल, हिचं कौर, चालेल का?" चालेल. दोघांच्या कागदांवर आई-वडिलांची नावं तीच आहेत.

## ७. दुरुस्तीचा क्रम चुकवू नका

क्रम असा ठेवा: जन्मदाखला किंवा शाळेचं रजिस्टर, मग आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी पासपोर्ट. प्रत्येक ठिकाणी आधीच्या कागदाचा पुरावा लागतो, म्हणून मधूनच सुरुवात केली की परत मागे यावं लागतं.

राजपत्रात नाव बदलाची जाहिरात केव्हा द्यायची? खरोखर नाव बदलत असाल तेव्हाच: मुळात नसलेलं गोत आता लावायचं आहे, किंवा असलेलं काढायचं आहे. लिहिणाऱ्याची चूक असेल आणि मूळ दाखला तुमच्या बाजूने असेल तर आधी दुरुस्ती मागा. विनाकारण राजपत्र केलं की 'जुनं नाव' आणि 'नवं नाव' अशी दोन नावं कायमची नोंदली जातात, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो कागद जोडत बसावं लागतं.

राजपत्राचा मजकूर देताना जुन्या नावाच्या ओळीत चुकीच्या कागदावरचं नाव अक्षरशः तसंच द्या, जोडून असेल तर जोडून. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी जुनं नाव 'नीट करून' दिलं होतं. राजपत्र छापून आलं, पण त्यातलं जुनं नाव त्यांच्या कुठल्याच कागदाशी जुळेना, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

काम संपलं की पहिल्या टप्प्यातला तो उतरवलेला कागद पुन्हा काढा आणि नव्या कागदांवरची नावं जुन्या नावांच्या शेजारी लिहा. प्रत्येकाची ओळ वरपासून खालपर्यंत, जागा सोडण्यासकट, एकसारखी दिसली की मगच मूळ कागद पिशवीत परत भरा.